वेळेत पोहोचलेला तोटा, उशिरा झालेली सही : केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचे एक लहान वर्कशॉप आहे. वाहनांच्या सुट्या भागांचे मशिनिंग आम्ही जॉबवर्कने करून देतो. संस्था भागीदारीची असून माझे थोरले काका, माझा चुलतभाऊ आणि मी असे तिघे भागीदार आहोत. हिशेब, बँक आणि कराची कागदपत्रे मी पाहतो, तर विवरणपत्रावर सही व्यवस्थापकीय भागीदार या नात्याने काकांची असते. हे पत्र आमच्या एका वर्षाच्या व्यावसायिक तोट्याविषयी आहे. तो तोटा झाला, याबद्दल तुमच्या खात्याने कधीही शंका घेतलेली नाही. तरीही तो पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करण्याचा आमचा हक्क गेला, आणि ज्या नियमामुळे तो गेला तो नियम बदलणे बऱ्याच अंशी तुमच्याच हातात आहे. खात्याकडे केलेला अर्ज अनिर्णित पडून आहे. अशा अवस्थेत आणखी बऱ्याच लहान संस्था असतील असे वाटल्यामुळे हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आर्थिक वर्ष २०२२-२३ आम्हांला वाईट गेले. ज्या भागासाठी कर्ज काढून नवे व्हीएमसी मशीन घेतले होते, त्या भागाची मागणी ग्राहकाने मॉडेल बदलल्यामुळे अर्ध्यावर आणली. मशीन उभे राहिले, हप्ता आणि व्याज मात्र थांबले नाही. वर्षाअखेरीस घसारा धरण्याआधीच बारा लाख रुपयांचा तोटा निघाला आणि साडेसहा लाखांचा घसारा, म्हणजे मशीनच्या झिजेपोटी मिळणारी वजावट, वेगळा. उलाढाल दीड कोटीच्या आसपास होती आणि जवळजवळ सगळे व्यवहार बँकेतून झालेले होते, त्यामुळे कर लेखापरीक्षण लागू नव्हते आणि विवरणपत्राची मुदत ३१ जुलै २०२३ ही होती. आमच्या सीएंनी आयटीआर-५ तयार करून २७ जुलै रोजी पोर्टलवर भरला. पोचपावतीचा क्रमांक मिळाला. राहिले होते ते फक्त ई-व्हेरिफिकेशन, म्हणजे ओटीपी टाकून करायची ऑनलाइन सही.

त्याच आठवड्यात काकांना हृदयविकाराचा झटका आला. बायपास झाली, त्यानंतर संसर्ग झाला, आणि ऑगस्टचा बहुतेक काळ ते अतिदक्षता विभागात होते. पोर्टलवर नोंदलेला मोबाइल त्यांचा, आधार त्यांचे, डिजिटल स्वाक्षरीही त्यांच्याच नावाची. व्यवस्थापकीय भागीदाराला अपरिहार्य कारणाने सही करता आली नाही तर दुसरा भागीदार सही करू शकतो, अशी सोय आयकर कायदा, १९६१च्या कलम १४० मध्ये आहे. परंतु पोर्टलवर दुसऱ्याचे नाव स्वाक्षरीकर्ता म्हणून घालायचे तर त्याची सुरुवात आधीच्याच माणसाच्या ओटीपीपासून होते, आणि तो फोन नातेवाइकांच्या पिशवीत बंद पडलेला होता. कायद्याने दिलेली सोय पोर्टलच्या पडद्यावर पोहोचलेली नाही, हे आम्हांला तेव्हा कळले. काका घरी आल्यावर ४ सप्टेंबर २०२३ रोजी ओटीपी टाकून व्हेरिफिकेशन पूर्ण केले. विवरणपत्र तेच होते, पोचपावतीचा क्रमांक तोच होता आणि त्यातला एकही आकडा बदललेला नव्हता.

आता नियम पाहू. १ ऑगस्ट २०२२पासून लागू असलेल्या आणि मार्च २०२४अखेरीस पुन्हा काढलेल्या अधिसूचनेप्रमाणे, विवरणपत्र भरल्यापासून तीस दिवसांत त्याचे व्हेरिफिकेशन झाले तर भरल्याची तारीख हीच दाखल केल्याची तारीख मानली जाते. तीस दिवसांनंतर झाले, तर व्हेरिफिकेशनची तारीख हीच दाखल केल्याची तारीख ठरते. या नियमाआधी ही मुदत १२० दिवसांची होती. आमचे तीस दिवस २६ ऑगस्टला संपले. म्हणून २७ जुलैला तुमच्या संगणकात पोहोचलेले विवरणपत्र कायद्याच्या नजरेत ४ सप्टेंबरचे, म्हणजे मुदतीनंतरचे झाले. कलम १३९(३) आणि कलम ८० एकत्र वाचले की व्यावसायिक तोटा पुढे नेण्यासाठी तो दाखवणारे विवरणपत्र मुदतीतच दाखल झालेले असावे लागते. मुदतीनंतरच्या विवरणपत्राला कलम २३४एफ प्रमाणे विलंब शुल्क लागते. पाच लाखांपेक्षा अधिक उत्पन्न नसलेल्या करदात्याला हे शुल्क एक हजार रुपये आहे, आणि ते आम्ही भरले. परंतु शुल्क भरल्यामुळे तोटा परत मिळत नाही.

हा तोटा म्हणजे आमच्यासारख्या संस्थेला नेमके किती रुपये, हे आकड्यांत सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. भागीदारी संस्थेच्या उत्पन्नाला करमुक्त मर्यादा नाही. पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के कर पडतो. संस्थेचा तोटा भागीदाराच्या वैयक्तिक उत्पन्नातूनही वजा होत नाही, तो संस्थेकडेच राहतो. त्यामुळे वाईट वर्षातला तोटा चांगल्या वर्षात वापरण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे कलम ७२ प्रमाणे तो पुढील आठ करनिर्धारण वर्षांपर्यंत नेणे. घसाऱ्याचे तसे नाही. वजा न झालेला घसारा कलम ३२(२) प्रमाणे पुढच्या वर्षाच्या घसाऱ्यात मिळतो. त्याला आठ वर्षांची मर्यादा नाही आणि कलम ८० त्याला हात लावत नाही. म्हणून आमच्या साडेअठरा लाखांपैकी साडेसहा लाख वाचले आणि बारा लाख गेले. विवरणपत्र एक, वर्ष एक, उशीरही एकच. घसारा भरवशाचा आणि रोख खर्चाचा तोटा संशयाचा, ही विभागणी मला आजवर कोणी पटवून दिलेली नाही.

आता पुढची दोन वर्षे पाहा. २०२३-२४ मध्ये त्या वर्षाचा घसारा जाऊन साडेतीन लाख नफा झाला आणि २०२४-२५ मध्ये अकरा लाख. तोटा मान्य झाला असता तर काय झाले असते? वजा करण्याचा क्रम कायद्यानेच ठरवलेला आहे. आधी चालू वर्षाचा घसारा, मग मागील व्यावसायिक तोटा आणि त्यानंतर मागील घसारा. हा क्रम न्याय्य आहे, कारण ज्याला मुदत आहे ते आधी वापरले जाते. त्याप्रमाणे पहिल्या वर्षी साडेतीन लाख नफ्यासमोर तेवढाच तोटा वजा होऊन साडेआठ लाख तोटा शिल्लक राहिला असता. दुसऱ्या वर्षी अकरा लाखांपैकी साडेआठ लाख तोट्यातून आणि उरलेले अडीच लाख घसाऱ्यातून गेले असते. दोन्ही वर्षी कर शून्य, आणि चार लाखांचा घसारा पुढे वापरायला शिल्लक.

प्रत्यक्षात पहिल्या वर्षाचे साडेतीन लाख घसाऱ्यातून वजा करावे लागले आणि तीन लाख उरले. दुसऱ्या वर्षी अकरा लाखांतून ते तीन लाख गेले आणि आठ लाखांवर कर बसला, २ लाख ४९ हजार ६०० रुपये. शिवाय जो चार लाखांचा घसारा पुढे कामाला आला असता तोही संपला, त्याची किंमत १ लाख २४ हजार ८०० रुपये. दोन्हींची बेरीज ३ लाख ७४ हजार ४०० होते, म्हणजे बारा लाखांचे बरोबर ३१.२ टक्के. ज्या उशिराचे शुल्क कायद्याने एक हजार ठरवले, त्याच उशिराचा खरा दंड पावणेचार लाखांच्या घरात गेला. आणि हा दंड कोणत्याही कलमात दंड म्हणून लिहिलेला नाही, त्यामुळे तो जास्त आहे की कमी, याचा विचार करण्याची वेळ कोणावरच येत नाही.

जॉबवर्कच्या धंद्यात हा फटका कसा लागतो तेही सांगतो. आमचा ग्राहक मजुरीच्या बिलावर कलम १९४सी प्रमाणे २ टक्के टीडीएस कापून पैसे देतो. २०२४-२५ मध्ये उलाढाल एक कोटी सत्तर लाख झाली आणि ३ लाख ४० हजार टीडीएस कापला गेला. तो परत येईल या हिशेबाने दिवाळीच्या बोनसची आणि टूलिंगच्या खरेदीची जुळणी केली होती. हातात आले ९० हजार ४०० रुपये. नफा हा शब्द ऐकताना वाटतो तसा तो आमच्या तिजोरीत पडलेला नसतो. त्यातला बराचसा मशीनच्या कर्जाचे मुद्दल फेडण्यात जातो, आणि मुद्दल हा काही करासाठी खर्च नव्हे. ज्या तोट्याला ते कर्ज कारण झाले, तो तोटा मोजायचा नाही आणि कर्ज फेडणाऱ्या नफ्यावर मात्र कर भरायचा, असा हा प्रकार झाला.

नियमामागचा हेतू मला समजतो. तोटा मुदतीत जाहीर करायला लावला नाही, तर कोणीही पुढच्या वर्षाचा नफा बघून मागच्या वर्षाचा तोटा रचून आणेल. ही भीती खरी आहे आणि ती रोखणारी अट असायलाच हवी. परंतु आमचे आकडे मुदतीपूर्वीच तुमच्या ताब्यात आले होते. पुढच्या वर्षाचा नफा बघून ते फुगवण्याची संधी आम्हांला मिळालीच नाही, आणि आकडे बदलले नाहीत हे पोचपावतीचा क्रमांकच सांगतो. जी फसवणूक या परिस्थितीत होऊच शकत नाही, तिच्या प्रतिबंधासाठी आमचा तोटा रद्द झालेला आहे.

एक गोष्ट जाता जाता. आमच्या व्यवहारांत रोखीचा वाटा पाच टक्क्यांहून अधिक असता, तर दीड कोटीच्या उलाढालीला लेखापरीक्षण लागले असते आणि विवरणपत्राची मुदत ३१ ऑक्टोबर झाली असती. मग ४ सप्टेंबरचे व्हेरिफिकेशन आरामात मुदतीत बसले असते. सगळा व्यवहार बँकेतून करणाऱ्यावर लेखापरीक्षणाचा बोजा नको, म्हणून मर्यादा दहा कोटींपर्यंत नेली गेली, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या सवलतीसोबत तोटा जपण्याची मुदत तीन महिन्यांनी अलीकडे आली, याची जाणीव फार थोड्या लहान उद्योजकांना आहे.

माझी मुख्य तक्रार तीस दिवसांच्या त्या अधिसूचनेविषयी आहे. ती संसदेने केलेली नाही. कायदा विवरणपत्र मुदतीत दाखल करा असे सांगतो, आणि दाखल केव्हा झाले हे ठरवण्याचे काम तुमच्या यंत्रणेने आपल्याकडे घेतले आहे. विवरणपत्रे लवकर निकाली निघावीत यासाठी १२० दिवसांचे तीस केले, हे ठीक आहे. पण तीस दिवस उलटल्याचा परिणाम काय असावा, हे ठरवताना परताव्याचे विवरणपत्र आणि तोट्याचे विवरणपत्र यांत फरक केला गेला नाही. परताव्याच्या विवरणपत्राला उशीर झाला तर शुल्क आणि थोडे व्याज जाते. तोट्याच्या विवरणपत्राला उशीर झाला तर आठ वर्षांचा हक्क जातो. तीस दिवस पूर्ण होण्याच्या आत इतर भागीदारांना, निदान सीएला, ‘तुमच्या विवरणपत्रात पुढे न्यायचा तोटा आहे आणि तो जाण्याच्या मार्गावर आहे’ असा एक साधा संदेश येत नाही. जो काही संदेश येतो तो नोंदलेल्या मोबाइलवर, आणि आमच्या बाबतीत तोच मोबाइल बंद होता.

दुसरी तक्रार अशी की, तोटा गेला हे कळते तेव्हा वर्ष उलटलेले असते. त्या वर्षी कर शून्यच असल्याने विवरणपत्रावर प्रक्रिया झाल्याची सूचना आली, तीत भरायची रक्कम शून्य होती आणि आम्ही निश्चिंत राहिलो. पुढच्या वर्षीच्या विवरणपत्रात मागील तोट्याचे जे परिशिष्ट असते, त्यात मूळ विवरणपत्र दाखल केल्याची तारीख लिहायची असते. पोचपावतीप्रमाणे सीएंनी २७ जुलै २०२३ लिहिली. काही आठवड्यांनी कलम १४३(१)(ए) खालची प्रस्तावित फेरफाराची सूचना आली की, ज्या वर्षाचा तोटा वजा केला आहे त्या वर्षाचे विवरणपत्र मुदतीनंतरचे आहे, म्हणून वजावट अमान्य करण्यात येत आहे, उत्तर तीस दिवसांत द्यावे. तिथे पहिल्यांदा कळले. आम्ही हरकत नोंदवली, आणि ती मान्य होईपर्यंत कराची मागणी अंगावर येऊ नये म्हणून मुदतीत सुधारित विवरणपत्र भरून तोट्याच्या जागी घसारा वजा केला. हा बदल सीएंना सुचला म्हणून बरे. ज्यांच्याकडे शिल्लक घसारा असूनही तो या जागी वापरता येतो हे सांगणारे कोणी नाही, त्यांनी करच भरला असेल.

जीएसटीत माझी क्रेडिटची शिल्लक मला रोज खातेवहीत दिसते. आयकरात मात्र तुमच्या लेखी माझा किती तोटा मान्य आहे, हे दाखवणारी जागा कुठेही नाही. पुढच्या वर्षाच्या फॉर्ममध्ये आधीच भरून येणारा आकडा आम्हीच मागच्या वर्षी लिहिलेला असतो, ती काही खात्याची मान्यता नव्हे. कलम १५७ प्रमाणे, करनिर्धारणात पुढे नेण्याजोगा तोटा सिद्ध झाला तर अधिकाऱ्याने त्याची रक्कम लेखी आदेशाने करदात्याला कळवायची आहे. पण बहुसंख्य लहान विवरणपत्रे संगणकाच्या प्रक्रियेपुढे जातच नाहीत, त्यामुळे असा आदेश आमच्यासारख्यांच्या वाट्याला सहसा येत नाही.

तिसरी तक्रार विलंब माफीविषयी. पोर्टलवर व्हेरिफिकेशनच्या उशिराबद्दल माफी मागण्याची सोय आहे. ती विनंती आम्ही केली आणि ती मान्यही झाली. काम झाले असे कोणालाही वाटेल. पण त्या मान्यतेने विवरणपत्र वैध ठरले एवढेच, दाखल केल्याची तारीख ४ सप्टेंबरच राहिली आणि तोटा गेला तो गेलाच. तोट्यासाठी कलम ११९(२)(ब) खाली आयुक्तांकडे निराळा अर्ज करावा लागतो, हे त्या पडद्यावर कुठेही लिहिलेले नाही. तुमच्या १ ऑक्टोबर २०२४च्या परिपत्रकाने, ११/२०२४ ने, एक कोटीपर्यंतच्या दाव्यांचा अधिकार प्रधान आयुक्त वा आयुक्तांना दिला, अर्जासाठी करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांची मर्यादा घातली, आणि अर्ज मिळाला त्या महिन्याअखेरीपासून शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावा असे सांगितले. आम्ही डिसेंबर २०२४ मध्ये अर्ज केला. रुग्णालयाचे दाखले, दाखल आणि मुक्त केल्याच्या तारखा, विवरणपत्र आणि दोन्ही पोचपावत्या जोडल्या. सहा महिने जून २०२५अखेर संपले. अर्ज मंजूर नाही, नामंजूर नाही, सुनावणीही नाही. ‘शक्यतो’ या शब्दाला मुदत नसते.

निर्णय न होण्याची किंमत आम्हीच मोजतो. अर्ज पडून असला तरी आठ वर्षांचे घड्याळ थांबत नाही. आमचा तोटा करनिर्धारण वर्ष २०३१-३२ पर्यंतच चालेल, त्यातली वर्षे अशीच सरत आहेत. अर्ज मंजूर झालाच, तर मधल्या वर्षांची विवरणपत्रे कोणी आणि कशी दुरुस्त करायची, परतावा व्याजासह मिळणार की नाही, याविषयी परिपत्रक काही सांगत नाही.

ज्याच्याकडे वेळ आणि पैसा आहे तो न्यायालयात जातो. लोधी प्रॉपर्टीच्या प्रकरणात तोट्याचे विवरणपत्र फक्त एक दिवस उशिरा भरले गेले होते. मंडळाने माफी नाकारली आणि त्या एका दिवसासाठी प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१०मध्ये न्यायालयाने विलंब माफ करण्याचा मंडळाला अधिकार आहे असे सांगून करदात्याच्या बाजूने निकाल दिला. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने परताव्याच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की, ‘खरी अडचण’ या शब्दांचा अर्थ उदारपणे लावायचा असतो. हे निकाल जुने आहेत आणि तुमच्या अधिकाऱ्यांना पाठ असतील. तीन भागीदारांच्या वर्कशॉपने पावणेचार लाखांसाठी रिट याचिका करावी, अशी अपेक्षा मात्र व्यवहार्य नाही. वकिलाच्या शुल्काचा अंदाज घेऊन आम्ही तो विचार सोडला.

आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६पासूनचा नवा कायदा आहे. कलमांचे क्रमांक बदलले, करनिर्धारण वर्षाऐवजी कर वर्ष आले, भाषा सोपी झाली. आठ वर्षांची मर्यादा आणि मुदतीत विवरणपत्राची अट मात्र जशीच्या तशी पुढे आली आहे. त्यामुळे पुढील मागण्या आमच्या जुन्या वर्षापुरत्या नाहीत.

एक, जे विवरणपत्र मुदतीत पोर्टलवर भरले गेले आणि पुढे कोणताही आकडा न बदलता त्याच पोचपावतीवर व्हेरिफाय झाले, त्याची भरल्याची तारीख हीच तोटा पुढे नेण्यासाठी दाखल केल्याची तारीख मानावी. व्हेरिफिकेशनला हवी तर पूर्वीसारखी १२० दिवसांची बाह्य मर्यादा ठेवावी आणि उशिराचे शुल्क घ्यावे. यासाठी कायदा बदलावा लागत नाही, तुमच्याच अधिसूचनेत एक परिच्छेद पुरेल. जुन्या वर्षांसाठी कलम ११९(२)(ब) खाली सर्वसाधारण आदेश काढण्याचा अधिकार मंडळाला आहे. तो वापरावा, म्हणजे अशा प्रत्येक संस्थेला वेगळा अर्ज करावा लागणार नाही.

दोन, विलंब माफीच्या अर्जाला ‘शक्यतो’ काढून टाकून बंधनकारक मुदत द्यावी, नकार असेल तर तो सुनावणी देऊन आणि कारणे लिहून द्यावा, अर्ज प्रलंबित असताना त्या तोट्यामुळे निर्माण झालेल्या कराची वसुली किंवा परताव्यातून वळती स्थगित ठेवावी, आणि मंजुरीच्या आदेशातच मधल्या वर्षांची फेरआकारणी व व्याजासह परतावा अंतर्भूत असावा. खात्याकडे अर्ज जितका काळ राहिला तितका काळ आठ वर्षांत धरू नये, अशी शिफारस वित्त मंत्रालयाकडे करावी. ही शेवटची गोष्ट कायद्यानेच होईल, हे मला माहीत आहे.

तीन, प्रत्येक करदात्याच्या खात्यावर तोट्याची नोंदवही उघडावी. वर्षवार व्यावसायिक तोटा किती, घसारा किती, खात्याने कोणता आकडा मान्य केला आणि तो कोणत्या वर्षापर्यंत वापरता येईल, एवढे चार रकाने पुरेत. तोटा अमान्य होणार असेल तर त्याच वर्षीच्या प्रक्रियेच्या सूचनेत, देय कर शून्य असला तरी, ठळकपणे लिहावे. पुढच्या वर्षापर्यंत ठेवू नये.

चार, भागीदारी संस्थेच्या पोर्टल खात्यावर सर्व भागीदारांचे मोबाइल नोंदवून घ्यावेत, व्हेरिफिकेशन बाकी असल्याची सूचना सगळ्यांना पाठवावी, आणि व्यवस्थापकीय भागीदार आजारी, परदेशी किंवा मृत असेल तर दुसऱ्या भागीदाराला स्वतःच्या आधारवर कारण नोंदवून सही करता यावी. कलम १४० ने ही परवानगी फार पूर्वीच दिली आहे.

आमच्या अर्जाचा क्रमांक आणि कागदपत्रे मी जाहीर पत्रात देत नाही. तो अर्ज ज्या कार्यालयात आहे तिथे या पत्राची प्रत वेगळी पाठवली आहे. मंडळाने वरील चार मागण्यांपैकी कोणती मान्य आहे, कोणती नाही आणि का, हे जाहीरपणे कळवावे, अशी विनंती आहे. चालू वर्षाच्या विवरणपत्राची मुदत येण्याआधी उत्तर आले, तर या वर्षी तोटा दाखवणाऱ्या संस्थांना त्याचा उपयोग होईल.

आपला विश्वासू,
भागीदार, एक लघुउद्योग
भोसरी, पुणे